स्वखुशीने, उद्या सकाळी दहापर्यंत

मनुष्यबळ व्यवस्थापन नावाच्या विद्येचे जे भाष्यकार अलीकडे वर्तमानपत्रांच्या उद्योगविषयक पानांवर नियमितपणे भेटतात, त्यांचे एक लाडके विधान आहे. कामगिरी सुधारणेची योजना, म्हणजे ज्याला सगळे पीआयपी म्हणतात ती, ही कर्मचाऱ्याला मिळालेली दुसरी संधी असते; ज्याच्यात धमक आहे तो ती पार करतो, आणि जो मध्येच राजीनामा देतो त्याने आपली अपात्रता स्वतःच्या सहीने मान्य केलेली असते, असे ते विधान. त्यातला पहिला भाग निदान तपासून पाहण्याजोगा आहे. दुसरा भाग मात्र निव्वळ लबाडी आहे, कारण राजीनाम्यामागची परिस्थिती बाजूला सारून फक्त सही पुरावा म्हणून पुढे केली जाते. 2017 च्या जुलैमध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रा कंपनीतली एक ध्वनिफीत देशभर फिरली. तिच्यात एचआर विभागातली व्यक्ती एका कर्मचाऱ्याला अत्यंत सभ्य आवाजात सांगत होती, की उद्या सकाळी दहाच्या आत राजीनामा दे, नाहीतर आम्ही तुला काढून टाकू. आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रकरण थंडावले. पण त्या फितीत कोणी ओरडत नव्हते, शिवी देत नव्हते, एखादा नित्याचा अर्ज भरून घ्यावा तसे बोलणे चालले होते, हे विसरता कामा नये. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोकांना कमी करण्याचे जाहीर केल्यावर पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सक्तीच्या राजीनाम्यांची तक्रार केली आणि कंपनीने आरोप नाकारले. त्या वादात कोण खरे हे इथे ठरवायचे नाही. पण दोन्ही वेळी भांडण एकाच कागदावरून झाले, आणि तो कागद राजीनाम्याचा होता. काढायचेच असेल तर काढून मोकळे व्हावे. मालकाला कर्मचाऱ्याची सही कशासाठी हवी असते?

याचे उत्तर शोधायला कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या मार्गावर पहिल्याच स्टेशनला उतरावे. शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या आधाराने काही पिढ्या जगल्या. पुढच्या आंबिवली स्टेशनशेजारी मोहोन्याला एनआरसी होती, ती 2009 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक आणि इंजिनिअरिंग कारखान्यांचीही हीच दुनिया. या पट्ट्यातल्या जुन्या कामगाराला कायद्याचे पुस्तक वाचता येत नसले, तरी त्याला चार्जशीट म्हणजे काय ते पाठ होते. साहेबाला एखादा माणूस नको झाला तर आधी लेखी आरोपपत्र द्यावे लागे आणि त्यात कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणते गैरवर्तन घडले हे लिहावे लागे. उत्तर द्यायला मुदत असे. मग खातेनिहाय चौकशी. चौकशी अधिकारी, व्यवस्थापनाचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, आणि कामगाराच्या बाजूने बोलायला युनियनचा एखादा जाणता सहकारी. चौकशीच्या काळात निलंबन झालेच तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि नंतर, उशीर कामगारामुळे झाला नसेल तर, पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागे. शेवटी निष्कर्ष आणि शिक्षा. आणि तीही पटली नाही तर कामगार न्यायालय. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. चौकशी अधिकारी बहुधा कंपनीच्याच पैशाने येई आणि निकाल बहुधा आधीच ठरलेला असे. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेत पक्की होती. आरोप मालकाचा असे, तो सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असे, आणि शिक्षेच्या कागदावर सहीसुद्धा मालकाचीच असे.

आज त्याच शहाडहून सकाळची लोकल पकडून, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला जेव्हा ‘पीआयपीवर टाकतात’, तेव्हा ही तिन्ही ओझी हळूच दुसऱ्या खांद्यावर जातात. पत्रात गैरवर्तन नसते. असते ते ‘अपेक्षित पातळीपेक्षा कमी’ असे एक वाक्य, तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत, उद्दिष्टांचा तक्ता आणि दर आठवड्याला आढाव्याची बैठक. आरोप नसल्याने उत्तर देण्याची मुदत नाही. चौकशी नसल्याने साक्षीदार नाहीत. परीक्षक तोच, ज्याने तक्रार केली. आपण सुधारलो हे सिद्ध करायचे कर्मचाऱ्याने, आणि शेवटी सहीही त्यानेच करायची. बैठकीत बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी आपुलकीने सुचवते, की शेवटचा शेरा वाईट पडण्याआधी पेपर टाकलास तर तुझेच भले आहे, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. चार्जशीटमधून आरोप, चौकशी आणि अपील एवढे वजा केले की जे उरते ते हे.

या सहीची कायदेशीर किंमत समजून घ्यायला 1990 चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा पंजाब लँड डेव्हलपमेंट खटला पाहावा. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार-कपातीची जी व्याख्या होती, तिच्यात ‘कोणत्याही कारणासाठी’ नोकरी संपवणे असे शब्द होते. मालकांचे म्हणणे असे, की कपात म्हणजे फक्त माणसे जास्त झाल्यामुळे केलेली कपात. घटनापीठाने ते नाकारले. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढले असेल तर ती वेगळी बाब. नाहीतर, व्याख्येतच दिलेले मोजके अपवाद सोडून, कारण काहीही असो, ती कपातच. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही या व्याख्येचा गाभा तसाच उचलला आहे. आता याचा अर्थ काय होतो ते पाहा. काम जमत नाही म्हणून कंपनीने एखाद्या कामगाराला काढले, तर दोनच वाटा उरतात. ती शिक्षा असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. ती शिक्षा नसेल तर ती कपात आहे, आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यायला हवे. तिसरी वाट व्याख्येच्या अपवादांत आहे: कामगाराने स्वेच्छेने नोकरी सोडली तर ती कपात नाही. वाईट हेतूने आखलेली पीआयपी माणसाला पहिल्या दोन वाटांवरून उचलून या तिसऱ्या वाटेवर आणून ठेवते.

एक हिशेब मांडू. समजा, सात वर्षे पूर्ण झालेला कर्मचारी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारे त्याचे मासिक वेतन चाळीस हजार आहे. हातात पडणारा पगार भत्त्यांमुळे जास्त असेल. त्याची ग्रॅच्युइटी चाळीस हजारांना सव्वीसने भागून, पंधराने आणि मग सातने गुणून सुमारे 1 लाख 61 हजार 500 होते. पाच वर्षे झाली असल्याने ती राजीनामा दिला तरी मिळते, त्यामुळे ‘राजीनामा दिलास तरच ग्रॅच्युइटी देऊ’ हे आमिष म्हणजे त्याचाच पैसा त्यालाच दाखवणे आहे. कपात ठरली तर त्यावर सात गुणिले वीस हजार म्हणजे 1 लाख 40 हजारांची भरपाई, एका महिन्याची नोटीस, आणि नव्या संहितेनुसार मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायचे पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे आणखी वीस हजार. राजीनाम्याने कंपनीचे वाचले किती, तर नोटीस सोडून साधारण एक लाख साठ हजार. आणि हा आकडा समोर आला की माझा इथवरचा युक्तिवाद लंगडायला लागतो. एवढ्या रकमेसाठी एखादी मोठी कंपनी तीन महिने बैठका घेईल? आढाव्यात बसणाऱ्या व्यवस्थापकांच्या वेळेची किंमतच याहून जास्त होईल. पैसे वाचवणे हा हेतू असता, तर एचआरनेच हा उद्योग पहिल्या तिमाहीत बंद केला असता.

म्हणजे विकत घेतले जाते ते काहीतरी दुसरे. कपात केली तर त्याच प्रवर्गातल्या शेवटी आलेल्याला आधी काढायचे, हा नियम लागतो. तो मोडायचा तर कारणे नोंदवावी लागतात. म्हणजे सात वर्षांच्या महाग माणसाला ठेवून दोन वर्षांच्या स्वस्त माणसाला का काढले नाही, याचे उत्तर द्यावे लागते. वर्षभरात पुन्हा भरती केली तर काढलेल्याला आधी विचारावे लागते. कारखाना असेल आणि त्यात तीनशे किंवा अधिक कामगार असतील, तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. ही मर्यादा पूर्वी शंभर होती. आणि काढलेला माणूस दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणापुढे जाऊ शकतो, जिथे पुन्हा कामावर घेण्याचा आणि मागील पगाराचा आदेश होऊ शकतो. या सगळ्यांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी मालकाला ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. राजीनामा हा असा एकमेव कागद आहे, ज्यानंतर तो प्रश्न मालकाला कोणी विचारतच नाही. उलट सोडणाऱ्यालाच विचारला जातो. नव्वदच्या दशकात या पट्ट्यात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हाही स्वेच्छा किती आणि सक्ती किती यावर कडू विनोद चालत. पण त्या योजनेत निदान आकडा फलकावर लागे आणि युनियन त्यावर घासाघीस करी. आताच्या पद्धतीत आकडाही नाही आणि फलकही नाही, कारण प्रत्येकाला एकेकट्याने बंद खोलीत बोलावलेले असते.

इथे उद्योगप्रेमी भाष्यकारांचा ठेवणीतला आक्षेप येतो: तो सज्ञान आहे, शिकलेला आहे, सही कर म्हणून कोणी त्याचा हात धरला नव्हता, मग सही त्याची नाही कशी? या आक्षेपाला उत्तर द्यायला मला कोणा परदेशी तत्त्वज्ञाकडे जावेसे वाटत नाही. 1947 मध्ये अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या आर्थिक भागाकडे लोक राज्य समाजवादाचा आराखडा म्हणून पाहतात, मग तो मान्य किंवा अमान्य करतात आणि पुढे जातात. पण त्या आराखड्याच्या स्पष्टीकरणात जे विवेचन आहे, ते समाजवाद न मानणाऱ्यालाही टाळता येण्यासारखे नाही. आंबेडकर तिथे बेकाराची मनःस्थिती तपासतात. ज्याला कामाचे तास ठरलेले नसलेली, संघटनेत जायला मनाई असलेली, बोलण्याचे स्वातंत्र्य गहाण ठेवायला लावणारी नोकरी आणि उपासमार यांतून निवडायचे आहे, तो काय निवडेल हे उघड आहे. आणि त्याने निवडले म्हणून त्याच्या मूलभूत हक्कांचा त्याने मोकळ्या मनाने त्याग केला असे कोणी म्हणू नये. घर जाईल, साठवलेले संपेल, मुले शाळेतून काढावी लागतील, या भीतीपोटी तो ते हक्क सोडतो, असे ते सांगतात, आणि पुढे नोकरीत असलेल्याकडे वळतात. तेव्हा राज्याने हस्तक्षेप करू नये म्हणून जे स्वातंत्र्य मागितले जाते, ते कोणाचे स्वातंत्र्य, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि उत्तर असे, की राज्य बाजूला झाले की मोकळी जागा राहत नाही, तिथे खासगी मालकाची हुकूमत येते.

हा विचार 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळलेल्या माणसाचा आहे, हेही लक्षात ठेवावे. ज्याने प्रशासनाच्या खुर्चीत बसून मालक आणि कामगार यांची तोंडे समोरासमोर पाहिली, त्याला करारातल्या संमतीचे वजन किती असते हे ठाऊक होते. मला या विवेचनात सर्वात महत्त्वाची वाटते ती त्याची पद्धत. आंबेडकर सही खरी की खोटी असे विचारत नाहीत. ते विचारतात, की सही न करण्याची किंमत काय होती आणि ती कोणी ठरवली. पीआयपीला हाच प्रश्न लावला की बरेच धुके हटते. सही न केल्यास ‘टर्मिनेशन’ असा शेरा, पुढच्या नोकरीत पार्श्वभूमी तपासणीत तो शेरा दिसणार ही भीती, गृहकर्जाचा हप्ता, आणि तीन महिने रोज आपल्या नालायकीची कागदपत्रे तयार होताना पाहत बसणे. यांतली एकही किंमत निसर्गाने ठरवलेली नाही. हप्ता सोडला तर बाकी सगळ्या कंपनीनेच लावल्या आहेत, आणि त्या माफ करण्याचा अधिकारही तिच्याच हातात आहे. बदलापूरला कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतलेल्या माणसाची भीती खोलीच्या टेबलावर आणून ठेवायची आणि मग त्याने मोकळ्या मनाने निर्णय घेतला असे म्हणायचे, याला मी वाद घालणे म्हणत नाही. कोणी म्हणेल, की आंबेडकर उपासमारीबद्दल बोलत होते आणि इथे लाखभर पगाराचे लोक आहेत. बरोबर आहे, पण त्या विवेचनाचा आधार पोटाची भूक एवढाच नाही. हातातले सगळे एकदम जाण्याची भीती हा आहे, आणि हप्त्यांवर उभ्या संसारात ती भीती कमी नसते.

न्यायालयांनी ही पद्धत पूर्णपणे स्वीकारली आहे असे मात्र नाही, आणि इथे कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये मालकाने कराराचा मूलभूत भंग करून माणसाला सोडायला भाग पाडले तर ती बडतर्फीच मानतात. 1978 च्या वेस्टर्न एक्स्कॅव्हेटिंग खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी त्याची कसोटी घालून दिली. आपल्या कायद्यात अशी सरळ व्याख्या नाही. करार कायद्यातली ‘जबरदस्ती’ फार अरुंद आहे; फौजदारी कायद्याने मनाई केलेले कृत्य किंवा त्याची धमकी, नाहीतर मालमत्ता बेकायदा अडकवणे लागते. ‘काढून टाकू’ ही धमकी त्यात बसवणे कठीण. त्यापेक्षा कलम 16 मधला ‘गैरवाजवी दबाव’ जवळचा: एक बाजू दुसरीच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असणे, आणि तिने त्या स्थितीचा अन्याय्य फायदा घेणे. महाराष्ट्राच्या हातात याहून धारदार साधन 1971 च्या कायद्याचे आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या त्या कायद्यात, सद्भावनेने नव्हे तर मालकाच्या अधिकाराचा दिखाऊ वापर करून काढणे, आणि धडधडीत खोट्या कारणांनी काढणे, या अनुचित प्रथा आहेत. तक्रार मात्र नव्वद दिवसांत करावी लागते. शब्दांच्या मागे काय दडले आहे ते पाहण्याची सवयही न्यायालयाला आहे. 1975 च्या एल. मायकेल विरुद्ध जॉन्सन पंप्स खटल्यात कंपनीने ‘विश्वास उडाला’ एवढे सांगून साधी सेवामुक्ती केली होती. मागे होता तो न तपासलेला संशय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो पडदा बाजूला केला आणि आदेश टिकला नाही. पण तिथे निदान कंपनीचा आदेश होता. राजीनाम्यात कंपनीचा आदेशच नसतो, म्हणून आधी राजीनामा हा राजीनामा नव्हता हे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. सहा महिने गप्प बसून, हिशेब घेऊन, मग ‘माझ्यावर दबाव होता’ असे सांगणाऱ्यावर न्यायाधीश विश्वास ठेवत नाहीत.

म्हणून हक्क आहे की नाही हे अखेर कागद आणि तारखा ठरवतात, आणि ते जमवायला सुरुवात पीआयपीचे पत्र हातात पडते त्याच आठवड्यात व्हावी लागते. पत्रावर सही करायचीच असेल तर ‘मिळाले, मान्य नाही’ असे लिहून करता येते; पोच आणि कबुली यांत फरक आहे. त्यानंतर कंपनीच्याच मेलवरून एक सौम्य उत्तर जावे. गेल्या दोन वर्षांची रेटिंग अमुक होती, अमुक महिन्यात पगारवाढीच्या पत्रात काम समाधानकारक म्हटले होते. आता दिलेले उद्दिष्ट गटातल्या इतरांनाही आहे का, त्यासाठी लागणारा प्रकल्प आणि अधिकार मला मिळणार का, आणि निम्मे साध्य झाले तर काय होईल, एवढे त्यात विचारावे. खोट्या योजनेला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. ती ओळखण्याच्या खुणाही याच जागी सापडतात: कालपर्यंत ‘अपेक्षेप्रमाणे’ असलेला माणूस नवा व्यवस्थापक आल्यावर महिन्याभरात नापास होतो, ग्राहकाच्या समाधानावर गुण ठेवतात आणि त्याला बेंचवर बसवून ग्राहकच देत नाहीत, आणि पहिल्याच बैठकीत योजनेच्या कागदासोबत राजीनाम्याचा नमुनाही तयार असतो. हा शेवटचा प्रकार घडला तर त्याच संध्याकाळी ‘आज बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले, मी तो देऊ इच्छित नाही’ अशी दोन ओळींची मेल हा पुढे सर्वात मोलाचा पुरावा ठरतो. आपली स्वतःची पत्रे आणि मूल्यमापने जपून ठेवावीत. मात्र ग्राहकांची किंवा कंपनीची गोपनीय माहिती घरच्या मेलवर पाठवण्याची चूक करू नये, कारण मग कंपनीला खरेखुरे गैरवर्तन आयते मिळते. आणि सही होऊनच गेली असेल, तर राजीनामा अमलात येण्याच्या आत तो लेखी मागे घ्यावा. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीनामा मागे घेणे मान्य केले. राजीनामा स्वीकारल्याचे कार्यालयातल्या कार्यालयात लिहून ठेवले होते, ते कर्मचाऱ्याला कळवलेले नव्हते. ते सार्वजनिक क्षेत्रातले प्रकरण होते, आणि खासगी करारातल्या अटी वेगळ्या असू शकतात. तरी सही केल्याच्या दुसऱ्या दिवशीचे माघारीचे पत्र कुठल्याही न्यायालयात सहा महिन्यांनंतरच्या शपथपत्रापेक्षा जड भरते.

आता युनियनवाल्या मित्रांशी हिशेब. त्यांच्या पत्रकांत प्रत्येक पीआयपी म्हणजे कत्तल असते. हे खरे नाही, आणि या अतिरेकाने खरे बळी झाकले जातात. काम न जमणारी माणसे असतात, त्यांचे काम शेजारच्या टेबलावरची माणसे ओढतात, आणि त्यांना काय चुकते ते लिहून सांगणे, शिकायला वेळ देणे हे न सांगता काढण्यापेक्षा शंभरदा बरे. खरी योजना हा तर कर्मचाऱ्याचा हक्क मानायला हवा. विष कालवले जाते ते तेव्हा, जेव्हा आधी टक्केवारी ठरते आणि मग माणसे शोधली जातात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी दरवर्षी तळाचे दहा टक्के काढण्याची पद्धत प्रतिष्ठित केली, आणि मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये सोडून दिली. दहा जणांचा गट कितीही चांगला असला तरी त्यात एक जण दहावा असणारच. तो सुधारला तर दुसरा कोणी दहावा होईल. अशा व्यवस्थेत सुधारणेची योजना सगळ्यांनी पार करणे गणितानेच अशक्य असते.

सर्वात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. हे सगळे हक्क ‘कामगारा’चे, टीम लीडर, मॅनेजर यांचे काय? व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना अठरा हजारांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक नव्या संहितेच्या व्याख्येबाहेर आहेत. पण पाटीवरचे पद निर्णायक नसते. मुंबईच्या सीबा गायगी कंपनीच्या 1985 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माणसाचे मुख्य काम काय ते पाहा. दिवसाचे आठ तास कोड लिहिणारा, चाचण्या घेणारा, तक्रारींची तिकिटे सोडवणारा माणूस तांत्रिक काम करतो, मग त्याच्या ओळखपत्रावर ‘लीड’ लिहा नाहीतर ‘असोसिएट मॅनेजर’. रजा मंजूर करणे, माणसे नेमणे, शिस्तभंगाची कारवाई करणे हे अधिकार त्याला खरेच आहेत का, हा प्रश्न. ज्याला ते खरेच आहेत, त्याची बाजू मात्र कमकुवत आहे. त्याला करार आणि दिवाणी दावा एवढेच उरते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने चालू ठेवायला लावत नाही, आणि नुकसानभरपाई बहुधा नोटिशीच्या पगाराभोवतीच फिरते. हा कायद्यातला खरा खड्डा आहे, आणि ज्यांनी काल दुसऱ्यांच्या पीआयपीच्या बैठका घेतल्या तेच आज त्यात पडतात, हे सांगताना मला आनंद होतो असे नाही. पण थोडेही आश्चर्य वाटत नाही.

मग करायचे काय? अमेरिका कामगारांचे माहेरघर नव्हे. तिथे एरवी कारण न देता काढता येते. तरी 1990 च्या एका कायद्याने चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्याकडून वयभेदाचा दावा सोडून देण्याची सही घ्यायची असेल, तर विचार करायला एकवीस दिवस आणि सही केल्यावरही मागे फिरायला सात दिवस द्यावे लागतात. इंग्लंडमध्ये तडजोडीचा करार करून हक्क सोडायचे असतील, तर स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय तो करार टिकत नाही. महाराष्ट्राला 1971 च्या कायद्यात एक छोटी दुरुस्ती करता येईल. पीआयपी चालू असताना किंवा ती संपल्यापासून नव्वद दिवसांत दिलेला राजीनामा सात दिवस परत घेता यावा, आणि तो सक्तीचा असल्याची तक्रार आली तर तो ऐच्छिक होता हे कंपनीने सिद्ध करावे. कंपनीकडे आढाव्याच्या सगळ्या नोंदी असतातच, त्यामुळे प्रामाणिक योजनेला याचा काच होणार नाही. आक्षेप मला दिसतो आहे: कंपन्या योजनेला पीआयपी म्हणायचेच सोडून देतील, ‘मार्गदर्शन सत्र’ म्हणतील, किंवा एक्क्याण्णवाव्या दिवसाची वाट पाहतील. पहिल्याला उपाय सोपा आहे. नाव न पाहता, नोकरी जाण्याची शक्यता सुचवणारी कोणतीही लेखी किंवा तोंडी सूचना धरावी. दुसऱ्याबद्दल मला चिंता वाटत नाही. ज्याला एक्क्याण्णवाव्या दिवसापर्यंत थांबावे लागेल, त्याला तेवढे दिवस पगार द्यावा लागेल, आणि ज्याला काढायचे आहे त्याला तेवढ्या दिवसांत कागद जमवता येतील, वकील गाठता येईल, ठाण्याच्या कामगार कार्यालयात जाऊन येता येईल आणि दुसरी नोकरीही शोधता येईल. 2017 च्या त्या फितीतल्या कर्मचाऱ्याला यासाठी एक रात्र मिळाली होती.